आईच्या एका फोटोसाठी मोबाइलवरचे फुकट अ‍ॅप पुरेल, की लॅपटॉपवर गिंप शिकावे?

वैशाली_मिरज

नमस्कार. पुढच्या महिन्यात आईला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवशी तिचा १२ बाय १८ इंचांचा फोटो फ्रेम करून द्यायचा असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. फोटो मीच मोबाइलवर काढला आहे. अंगणात हिरव्या शेडनेटची सावली होती, प्रकाश मऊ वाटला, म्हणून तिथेच खुर्ची टाकली. आता मोठा करून पाहते तर चेहऱ्यावर हिरवट झाक आहे, डोळ्यांखाली सावली गडद आली आहे, उजव्या गालावर डास चावल्याचा लाल फोड आहे आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढरी चकाकी आहे.

मला फार काही करायचे नाही. आई आईच दिसली पाहिजे. मागे एका नातेवाइकाच्या लग्नाचे फोटो स्टुडिओने इतके गुळगुळीत आणि गोरे करून दिले, की त्यात आमची आत्या ओळखू येत नव्हती. म्हणूनच हे काम स्वतः करायचे ठरवले आहे. मोबाइलवर फुकट अ‍ॅप घ्यावे, की घरातल्या जुन्या लॅपटॉपवर (८ जीबी रॅम आहे) गिंप हे फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर घालून शिकावे? यातले मी आजवर काहीच वापरलेले नाही.

तुषार_टेक

ताई, लॅपटॉपच घ्या. मोबाइलवरची सगळी अ‍ॅप फोटोची क्वालिटी कमी करतात, त्यामुळे १२ बाय १८ला चित्र फुटणारच. गिंपमध्ये फोटो उघडून Filters > Enhance > Wavelet decompose असे केले, की त्वचेचा पोत काही लेयरवर आणि रंग उरलेल्या लेयरवर वेगळा होतो. मग रंगाचा लेयर थोडा धूसर केला की झाले. बरेच व्यावसायिक लोक असेच करतात. यूट्यूबवर वीस मिनिटांचे व्हिडिओ आहेत.

सदाशिव_पेठी

बायोडेटासाठीच्या फोटोला मागचा भाग साधा निळा किंवा पांढरा असावा लागतो. पार्श्वभूमी आपोआप कापणारी संकेतस्थळे आहेत. मी मुलाचा फोटो तिथेच करून घेतला, दोन मिनिटांत काम झाले.

वैशाली_मिरज

सदाशिवकाका, बायोडेटा नाही हो, आईचा अमृतमहोत्सव आहे. मागे तुळशीवृंदावन आहे, ते तसेच राहू द्यायचे आहे.

जुना_डार्करूमवाला

वैशालीताई, आधी एक विचारतो. त्याच वेळी, त्याच जागी काढलेला दुसरा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का, ज्यात चष्म्यावर चकाकी नाही? फोन किंवा लॅपटॉप हा तुमचा निर्णय मुख्यतः या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून घाई न करता सगळे फोटो पाहून सांगा.

तोपर्यंत तुषाररावांच्या म्हणण्याबद्दल. मोबाइलवरची सगळी अ‍ॅप फोटो बारीक करतात हे खरे नाही, पण काही करतात हे मात्र खरे आहे. फुकट आवृत्तीत सेव्ह केलेली प्रत लहान असते आणि पूर्ण आकारासाठी पैसे मागितले जातात, किंवा कोपऱ्यात अ‍ॅपचे नाव छापून येते. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. मूळ फोटोची माहिती उघडून पिक्सेल पाहावेत, अ‍ॅपमध्ये काहीही किरकोळ बदल करून सेव्ह करावे आणि नव्या प्रतीचे पिक्सेल पाहावेत. बारा मेगापिक्सेलच्या फोनवर मूळ फोटो बहुधा ३००० बाय ४००० असतो आणि प्रतही तितकीच भरली पाहिजे. स्नॅपसीड हे गुगलचे अ‍ॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, ते नाव छापत नाही आणि सर्वसाधारण सेटिंगमध्ये फोटोचा आकारही कमी करत नाही.

फोटो फुटण्याची भीती खरी असते ती दुसरीकडे. बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो घेऊन कामाला लागलात, तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलांवर आलेली असते. अठरा इंचांत १६०० पिक्सेल पसरले तर इंचाला नव्वदसुद्धा पडत नाहीत. मूळ ४००० पिक्सेल असतील तर इंचाला २२२ पडतात आणि भिंतीवरच्या फ्रेमला ते पुरतात. तेव्हा फोटो केबलने हलवावा, आणि व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

वेव्हलेटने पोत वेगळा होतो, हे बरोबर आहे. तरीही नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या चेहऱ्यावर सुरकुती ही नुसती पोताची रेघ नसते, तिच्या बाजूला सावलीचा रुंद उतार असतो, आणि तो उतार नेमका तुम्ही धूसर करणार असलेल्या थरात असतो. तो पुसला गेला की छिद्रे आणि बारीक रेघा जागेवर राहतात, पण गालाचा उठाव जातो आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. सवय नसलेल्याला हे काम चालू असताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोटो उघडल्यावर कळते.

मृण्मयी_के

माझा अनुभव सांगते, कारण तो याच वळणाचा आहे. सासऱ्यांचा फोटो मी रात्री अंथरुणात पडून, फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून नीट केला होता. पडद्यावर अगदी सुरेख दिसत होता. लॅबमधून छापून आला तेव्हा चेहरा काळवंडलेला आणि शर्ट शेंदरी. मी लॅबवाल्याशी भांडून आले. नंतर लक्षात आले की माझ्या फोनचा पडदा रंग भडक दाखवण्याच्या सेटिंगवर होता. आता मी पडद्याचा मोड नैसर्गिक रंगांवर ठेवते, ब्राइटनेस साधारण निम्मा ठेवते आणि दिवसा खिडकीशी बसून, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काम करते. पडदा कागदापेक्षा झगझगीत दिसत असेल तर ब्राइटनेस आणखी कमी करते.

तुषार_टेक

म्हणूनच मी लॅपटॉप म्हणतो आहे.

मृण्मयी_के

जुन्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा त्याहून वाईट असतो. झाकण थोडे मागे कलले की सावल्या उजळतात आणि पुढे आणले की काळ्या पडतात. आमच्याकडचा तसाच आहे.

वैशाली_मिरज

डार्करूमवाले काका, सगळे फोटो पाहिले. एकूण अकरा आहेत. ज्यात आईचे हसू सर्वांत चांगले आहे त्यातच चकाकी आहे, हे दुर्दैव. पण त्याच्या दोन फोटो आधीच्या फोटोत काच स्वच्छ आहे, फक्त तिथे आई हसत नाही आणि मान किंचित खाली आहे.

दरम्यान मी स्नॅपसीड घालून चकाकीवर Healing फिरवून पाहिले. चकाकी गेली, पण तिच्या जागी चष्म्याच्या काडीचा तुकडा आणि अर्धी पापणी येऊन बसली. चार वेळा केले आणि चारही वेळा नवे विचित्र काहीतरी आले.

जुना_डार्करूमवाला

तसेच होणार. ते साधन बोट लावलेल्या जागेच्या आसपासचा भाग उचलून तिथे बसवते. गालावरच्या फोडाच्या भोवती सगळीकडे गालच असतो, म्हणून तिथे ते उत्तम चालते. चकाकीखाली मात्र पापणी, बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग झाकला गेला आहे, आणि तो आसपास कुठेही शिल्लक नाही. तो फक्त तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. दोन फोटो एकावर एक ठेवून एकाचा तुकडा दुसऱ्यात बसवायला लेयर आणि मास्क लागतात, आणि हे काम लॅपटॉपवर गिंपमध्ये करावे. चकाकी नसती तर मी तुम्हाला लॅपटॉप उघडायलाही सांगितले नसते.

क्रम महत्त्वाचा आहे. फोनवर आधी रंग सुधारून मग चष्म्याकडे वळू नका, कारण मग एक फोटो सुधारलेला आणि दुसरा हिरवट, असा जोड दिसेल. दोन्ही मूळ फोटो केबलने लॅपटॉपवर घ्या.

गिंपमध्ये हसरा फोटो उघडा. मग File > Open as Layers ने दुसरा फोटो त्याच्यावर आणा. वरच्या लेयरची ओपॅसिटी पन्नासच्या आसपास उतरवली की खालचा फोटो आरपार दिसतो. आता वरचा लेयर सरकवून डाव्या डोळ्यावर डावा डोळा बसवा. मान खाली आहे म्हणता, तर थोडा फिरवावाही लागेल. चष्म्याची चौकट जुळवत बसू नका, पापणीची कड आणि बुबुळ जुळवा. जुळले की ओपॅसिटी पुन्हा शंभर करा, लेयरला काळा मास्क लावा म्हणजे वरचा फोटो सगळा नाहीसा होईल, आणि मऊ कडेच्या लहान ब्रशने पांढरा रंग घेऊन फक्त चकाकीच्या जागेवर हळूहळू रंगवा. जिथे रंगवाल तिथेच दुसऱ्या फोटोतला डोळा उमटेल. चुकले तर काळ्याने परत झाका.

एक सावधगिरी. हसताना खालची पापणी वर येते, न हसताना येत नाही. म्हणून खालच्या पापणीपर्यंत रंगवत नेऊ नका, नाहीतर एक डोळा हसरा आणि एक गंभीर दिसेल. तिथे थोडी चकाकी उरली तर उरू द्या. चष्मा आहे, काच थोडी चमकणारच.

कोकणी_माणूस

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आजोबांचा १९५८ सालचा कृष्णधवल फोटो आहे, त्याला मधोमध घडी पडली आहे. तो फोनवर होईल का?

जुना_डार्करूमवाला

घडी चेहऱ्यावरून जाते का, ते सांगा. भिंतीवरून किंवा कोटावरून जात असेल तर फोनवर होईल. नाकाडोळ्यांवरून जात असेल तर होणार नाही, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

वैशाली_मिरज

तीन संध्याकाळी गेल्या, पण डोळा बसला! पहिल्या दिवशी लेयरऐवजी Ctrl+D दाबत राहिले आणि तोच फोटो पाच वेगवेगळ्या खिडक्यांत उघडला. यजमानांनी विचारले की लॅपटॉपला काही झाले आहे का. दुसऱ्या दिवशी मास्कऐवजी थेट फोटोवरच पांढरा रंग फासला.

आता पुढचे विचारते. हिरवी झाक, फोड आणि डोळ्यांखालची सावली हे गिंपमध्येच करू, की फोनवर नेऊ? फोनवर बोटाने काम करणे मला खूप सोपे वाटले, माउसने हात थरथरतो.

तुषार_टेक

लेयरची प्रत काढायला Shift+Ctrl+D आहे. हिरवी झाक घालवायला गिंपमध्ये Colors > Color Temperature आहे, तिथे तापमान वाढवा, त्वचा उबदार होईल.

जुना_डार्करूमवाला

लेयरचे बरोबर सांगितलेत. झाकेचे मात्र चुकले. तापमानाचा सरकपट्टा निळ्या आणि नारिंगी रंगांमध्ये फिरतो. हिरव्यावर उतारा किरमिजी, आणि तो त्या पट्टीवर नाही. उबदार करत गेलात तर हिरवट चेहरा पिवळट होईल, कावीळ झाल्यासारखा. गिंपमध्ये Colors > Color Balance उघडून मिडटोन निवडावेत आणि Magenta–Green ही मधली पट्टी किरमिजीकडे पाच-सात घरे सरकवावी. स्नॅपसीडमध्ये White Balance खाली तापमान आणि टिंट असे दोन वेगळे भाग आहेत, त्यातले टिंट वापरावे.

किती सरकवायचे, हे चेहऱ्याकडे पाहून ठरवू नका. चेहऱ्याकडे पाहता पाहता डोळा सरावतो आणि हात पुढे पुढे जात राहतो. फोटोत त्याच सावलीत असलेली मुळात पांढरी वस्तू शोधा. ती पांढरी दिसू लागली की थांबा.

वैशाली_मिरज

आईचे केस पांढरे आहेत, ते चालतील का?

मृण्मयी_के

केस नकोत. पांढऱ्या केसांत पिवळेपणा असतोच, आणि तेल लावले असेल तर जास्तच.

वैशाली_मिरज

खरे आहे, तेल लावलेले आहे. तुळशीवृंदावनाची एक बाजू चुन्याने पांढरी केलेली आहे आणि तीही शेडनेटखालीच येते. तिच्यावरून करते.

जुना_डार्करूमवाला

चुना उत्तम. आता तुमचा मूळ प्रश्न. उरलेली तिन्ही कामे फोनवर होतील, आणि बोटाला सोपे वाटते म्हणता तर फोनवरच करा. गिंपची .xcf फाइल जपून ठेवा, तिच्यातून जेपेग एक्स्पोर्ट करताना क्वालिटी ९५ ठेवा आणि ती प्रत केबलने फोनवर न्या.

फोड घालवताना फोटो आधी खूप मोठा करा. त्या अ‍ॅपमध्ये Healing च्या ब्रशचा आकार बदलायला वेगळे बटण नाही, तुम्ही जितके झूम कराल तितका ब्रश फोटोवर लहान पडतो. फोडाहून किंचित मोठा झाला की एकदाच टेकवा. आईच्या चेहऱ्यावर तीळ असेल तर त्याला हात लावू नका. फोड चार दिवसांत गेला असता, तीळ जाणार नव्हता.

डोळ्यांखाली Healing वापरू नका. गालाची त्वचा जाड छिद्रांची असते आणि डोळ्यांखालची पातळ, त्यामुळे तिथे ठिगळ दिसते. तिथली त्वचा बदलायचीच नाही, फक्त प्रकाश द्यायचा आहे. ब्रशमधले Dodge & Burn घ्या, आकडा +५ ठेवा आणि सावलीच्या सर्वांत गडद पट्ट्यावरून एकदा-दोनदा बोट फिरवा. Portrait मधले त्वचा मऊ करण्याचे तयार पर्याय तुम्हाला लागतील असे मला वाटत नाही.

वैशाली_मिरज

फोड गेला आणि झाकही गेली. चुना पांढरा झाल्याबरोबर आईचा चेहरा आपोआप तिचा वाटू लागला, हे पाहून आश्चर्य वाटले. पण डोळ्यांखाली मी जरा जास्तच हात चालवला असावा. फोनवर ठीक दिसत होते, लॅपटॉपवर पाहिले तर आईने उलटा गॉगल लावल्यासारखे दोन फिकट ठसे दिसतात. सगळे पुसून पहिल्यापासून करावे लागेल का?

जुना_डार्करूमवाला

नाही. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले नसेल तर View edits मध्ये जा. तिथे केलेल्या प्रत्येक कामाची पायरी दिसते. ब्रशच्या पायरीवर टेकवून त्यातल्या ब्रशचे चिन्ह निवडले की ते काम फोटोवर कुठे आणि किती लागू व्हावे हे रंगवून ठरवता येते, आणि जोर शंभर, पंच्याहत्तर, पन्नास, पंचवीस असा निवडता येतो. पन्नासने रंगवून पाहा, तरी जास्त वाटले तर पंचवीस. आयफोनवर २०२५मध्ये या अ‍ॅपची मांडणी बदलली आहे, तिथे हे चिन्ह थोडे शोधावे लागेल.

तुमचे काम सौम्य राहते की नाही, ते या सोयीवर ठरते. नवशिक्याचा हात पहिल्या वेळी जास्तच पडतो, माझाही पडतो. मागे जाऊन त्याच कामाचा जोर निम्मा करता येत असेल तर ते अ‍ॅप घ्यावे. गिंपमध्ये हेच लेयरची ओपॅसिटी उतरवून होते. ज्या अ‍ॅपमध्ये एक बटण दाबून चेहरा 'सुंदर' होतो आणि सेव्ह केल्यावर मागे येता येत नाही, ते फुकट असले तरी घेऊ नये.

तुषार_टेक

पण काका, १२ बाय १८ एवढ्या आकाराला फोनच्या सहा इंची पडद्यावर काम करणे मला अजूनही पटत नाही. ताईंना ठसे लॅपटॉपवरच दिसले ना?

जुना_डार्करूमवाला

हा मुद्दा तुमचा बरोबर आहे. काम फोनवर करा, पण तपासणी मोठ्या पडद्यावर करा, असे म्हणतो.

मृण्मयी_के

आणि लहान प्रिंटवर. लॅबमध्ये ४ बाय ६ची एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहा. एवढी मोठी फ्रेम थेट करायला देऊ नका.

वैशाली_मिरज

दोन दिवसांनी लिहिते आहे. डोळ्यांखालचे काम पंचविसावर आणले. ४ बाय ६च्या दोन प्रती काढल्या, एक फोनवरून दिसते तशीच आणि एक किंचित उजळ केलेली. पहिलीत हनुवटीखाली अजून काळोख वाटतो, दुसरीत तो नाही, पण पदराची जर फिकी पडली. हिरवी झाक दोन्हींत नाही. डोळा बदललेला आहे हे न सांगता धाकट्या बहिणीला दाखवले, तिला कळले नाही.

भाऊ मात्र म्हणतो की आईला अजून थोडे उजळ करा, सगळे करतात. आई म्हणाली, मी उन्हात राबले आहे, तशीच दिसू दे. त्यावरून घरात वाद चालू आहे.

जुना_डार्करूमवाला

हनुवटी आणि जर हे दोन्ही एकाच वेळी साधायचे असेल तर सगळा फोटो उजळू नका. पहिलीच प्रत घ्या, Selective ने हनुवटीवर एक बिंदू ठेवा, दोन बोटांनी त्याचे वर्तुळ गळ्यापर्यंत लहान करा आणि ब्राइटनेस दहा-पंधराने वाढवा. भावाच्या मताबद्दल मी बोलणार नाही.

सदाशिव_पेठी

मी बोलतो. आईचे ऐका.

वैशाली_मिरज

ऐकले, सदाशिवकाका. हनुवटीवर बारा वाढवून आज तिसरी प्रत काढली आणि तीच लॅबला दिली. जाताना लॅबवाल्याने विचारले, "स्मूथ करून देऊ का, त्याचे वेगळे पैसे नाहीत." नको म्हणाले आणि पाकिटावर तसे लिहून घेतले.

आता बाकीच्या दहा फोटोंनाही तीच हिरवी झाक आहे. ते एकेक करून फोनवर करावेत, की एकदम होतील असे काही आहे?

तुषार_टेक

डार्कटेबल! फुकट आहे. एका फोटोवर रंग बसवले की तेच बदल कॉपी करून बाकीच्या सगळ्यांवर एकदम चिकटवता येतात. मूळ फाइलला धक्काही लागत नाही, बदल शेजारच्या वेगळ्या लहान फाइलमध्ये राहतात.

जुना_डार्करूमवाला

या वेळी मी तुषाररावांच्या बाजूने आहे, पण दहाच फोटो आहेत आणि ते शिकायला आठवडा जाईल. स्नॅपसीडमध्येही शेवटच्या फोटोवर केलेले बदल पुढच्या फोटोवर तसेच लावता येतात, Looks मध्ये Last edits पाहा. मात्र त्याआधी एका फोटोवर फक्त टिंट सुधारा आणि मग ते पुढे न्या, नाहीतर हनुवटीचा बिंदूही प्रत्येक फोटोत त्याच जागी जाऊन बसेल, मग तिथे हनुवटी असो वा तुळस.